एका माणसाची तीन खाती

कामासाठी एक, छंदासाठी दुसरे आणि घरच्यांसाठी, मित्रमंडळींसाठी तिसरे अशी वेगवेगळ्या हँडलची खाती आज पुष्कळ जण ठेवतात. कारणे साधी असतात. बँकेतल्या अधिकाऱ्याला आपण काढलेल्या पक्ष्यांच्या फोटोंखाली कर्जाच्या चौकशा नको असतात. शिक्षिकेला आपले सहलीतले फोटो वर्गात फिरायला नको असतात. दुसऱ्या खऱ्या माणसाचे नाव लावून लोकांना फसवणे हा गुन्हा ठरतो, टोपणनाव घेणे नव्हे. अडचण वेगळीच आहे. हँडल बदलले की ओळखही वेगळी झाली असे धरले जाते, पण खाती जोडली जातात ती बहुधा हँडलच्या आजूबाजूच्या गोष्टींवरून.

अमेरिकेच्या एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. मार्च 2017 मध्ये एका कार्यक्रमात त्यांनी सहज सांगितले की, आपले ट्विटर आणि इन्स्टाग्रामवर खाते आहे आणि इन्स्टाग्रामवर फक्त नऊ फॉलोअर आहेत, तेही बहुतेक घरचेच. गिझमोडो या संकेतस्थळाच्या अ‍ॅशली फाइनबर्ग या पत्रकार महिलेने तेवढ्यावरून शोध सुरू केला. कोमींच्या मुलाचे इन्स्टाग्राम खाते तिला सापडले. ते खासगी होते, आत काही दिसत नव्हते. पण तिने फॉलो करण्याची विनंती पाठवताच इन्स्टाग्रामने आपल्या सवयीप्रमाणे ‘ही खातीही पाहा’ म्हणून एक यादी पुढे केली. त्यात कोमी कुटुंबातल्या नावांबरोबर एक विचित्र नाव होते, reinholdniebuhr. नीबूर हे विसाव्या शतकातले अमेरिकी धर्मचिंतक, आणि कोमींनी महाविद्यालयात असताना आपला प्रबंध त्यांच्यावर लिहिला होता. त्या खात्याचे फॉलोअरही नऊच होते. मग ट्विटरवर नीबूर यांचे नाव लावलेली खाती तपासताना projectexile7 हे हँडल मिळाले. ‘प्रोजेक्ट एक्झाइल’ ही रिचमंड शहरातली बंदुकीच्या गुन्ह्यांविरोधातली मोहीम, तिच्याशी कोमींचा जुना संबंध होता. खात्याला फॉलोअर एकच, आणि तो कोमींचा मित्र. सगळा शोध सुमारे चार तासांत संपला. पुढे ते खाते त्यांचेच असल्याचे स्पष्ट झाले.

या प्रकरणात कोणी पासवर्ड फोडला नाही. इन्स्टाग्राम खाते खासगी होते आणि नावही टोपण होते. गळती झाली ती दोन ठिकाणी. टोपणनाव स्वतःच्या आयुष्यातून उचललेले होते आणि दोन्ही ठिकाणी तेच वापरले होते. शिवाय घरच्यांशी असलेले नाते खात्याखात्यांतल्या दुव्यांतून उघड झाले. आपण कोणाला फॉलो करतो याची यादी आपल्या नावापेक्षा जास्त बोलते. म्हणून छंदाच्या खात्यावर बायको, भाऊ, ऑफिसातला शेजारी यांपैकी कोणीच नसावे, ही पहिली अट. ती पाळणे सर्वांत जड जाते, कारण पहिले दहा फॉलोअर कुठून आणायचे हा प्रश्न उरतोच.

हँडल निवडताना जन्मसाल, गावाचे नाव, जुन्या हँडलचा तुकडा आणि शाळेतले टोपणनाव टाळावे. दोन खात्यांत हँडलचा समान भाग असू नये. हँडल जितके दुर्मीळ, तितके ते दोन ठिकाणी दिसले की ते एकाच माणसाचे असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे pakshi_vedha_7719 दोन जागी वापरण्यापेक्षा दोन सामान्य, एकमेकांशी संबंध नसलेली हँडल बरी. ‘शेरलॉक’ नावाचा एक मोफत प्रोग्राम एकच हँडल शेकडो संकेतस्थळांवर आहे का, हे काही मिनिटांत तपासतो. हे काम करायला तज्ज्ञ लागत नाही.

ईमेलचीही तीच गोष्ट. जीमेलमध्ये पत्त्यात अधिकचे चिन्ह घालून तयार केलेला mazanav+pakshi@gmail.com हा वेगळा पत्ता नव्हे; चिन्हाच्या आधीचा भाग वाचता येतो. प्रत्येक ओळखीला स्वतंत्र मेलखाते हवे, आणि त्याचा रिकव्हरी पत्ता दुसऱ्या ओळखीचा नसावा.

भारतात खरी गाठ मात्र मोबाइल क्रमांकापाशी बसते. समजा, नाशिकच्या त्या बँक अधिकाऱ्याने छंदासाठी नवे हँडल, नवा मेल, नवा फोटो असे सगळे नीट केले. मग पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तो शिरला. तिथे त्याचा क्रमांक इतरांना दिसतो. कोणी तो ट्रूकॉलरवर टाकला, की इतरांनी आपापल्या फोनमध्ये साठवलेले नाव बाहेर येते, बहुधा ‘अमुक साहेब, बँक’ असे. त्याने एक फोटो विकायला काढला आणि पैशासाठी क्यूआर कोड दिला, तर पैसे भरणाऱ्याच्या पडद्यावर बँकेतले खरे नाव झळकते. यूपीआयमध्ये हे नाव दिसते ते पैसे चुकीच्या माणसाला जाऊ नयेत म्हणून, आणि ते योग्यच आहे; पण टोपणनावाचा पडदा तिथे फाटतो. तेव्हा ज्या ओळखीत पैशांची देवघेव आहे, ती खऱ्या नावाचीच धरून चालावी.

क्रमांकाचा दुसरा मार्ग संपर्कयादीचा. अ‍ॅपला फोनमधले संपर्क वाचायची परवानगी दिली, की ते आपल्या ओळखीच्यांना आपले नवे खाते सुचवू लागते. आपण परवानगी नाकारली, पण समोरच्याने दिली आणि त्याच्या फोनमध्ये आपला क्रमांक असला, तरी जोडणी होऊ शकते. उपाय म्हणजे छंदाच्या खात्याला नेहमीचा क्रमांक द्यायचाच नाही, किंवा दुसरे सिम वापरायचे. टेलिग्रामवर ‘माझा क्रमांक कोण पाहू शकेल’ हे ‘कोणीही नाही’ असे ठेवता येते. त्याखालीच ‘क्रमांकावरून मला कोण शोधू शकेल’ ही वेगळी सोय असते, ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते.

ब्राउझरमध्ये प्रत्येक ओळखीचे वेगळे प्रोफाइल ठेवले, की चुकीच्या खात्यातून प्रतिक्रिया जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. रोजच्या वापरात सर्वाधिक अपघात या एकाच कारणाने होतात. फोटो तर दोन ओळखींत कधीच सामाईक नसावा. तोच चेहरा किंवा त्याच गॅलरीतले कठडे उलट-शोधात सापडतात.

लिहिण्याची ढब लपवणे सर्वांत कठीण. 2013 मध्ये ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ या नावाने आलेल्या कादंबरीची लेखिका जे. के. रोलिंग असल्याचा सुगावा वृत्तपत्राला आधी लागला होता, पण पॅट्रिक जुओला या संगणकशास्त्रज्ञाने शब्दांची लांबी आणि नेहमीच्या शब्दांची वारंवारता मोजून त्याला दुजोरा दिला. मराठीत तर रोमन लिपीत लिहिणाऱ्याची खूण लगेच सापडते: एकजण कायम ahe लिहितो, दुसरा aahe, तिसरा ahey. छोट्या प्रतिक्रियांतून संगणकाला फारसे काही मिळत नाही, ओळखीच्या माणसाला मात्र तीन टिंबे आणि एक लाडका शब्द पुरतो.

विलगीकरण कितपत टिकले हे महिन्यातून एकदा तपासता येते. लॉग-आउट केलेल्या ब्राउझरमध्ये प्रत्येक हँडल अवतरणचिन्हांत शोधावे, प्रोफाइलचा फोटो उलट-शोधाला द्यावा, आणि आपला क्रमांक जवळ असलेल्या एखाद्या मित्राला विचारावे की त्याला कोणती खाती सुचवली जात आहेत. दुवा सापडला तर जुन्या खात्याचे हँडल बदलून भागत नाही, कारण इतरांनी केलेले उल्लेख आणि साठवलेल्या प्रती तशाच राहतात. ते खाते सोडून नव्याने सुरुवात करावी लागते.

हे सगळे शेजारी, ग्राहक, विद्यार्थी आणि कुतूहलाने शोधणाऱ्यांपुरते. एकाच फोनवरून चालवलेली तीन खाती त्या कंपनीच्या नोंदींत सहज एकत्र येतात, आणि कायदेशीर मागणी आली तर आयपी पत्ता व सिमच्या नोंदी तपास यंत्रणेला मिळू शकतात. फेसबुकवर तर रोजच्या व्यवहारातल्या नावाचे एकच खाते ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे छंदाची वेगळी ओळख तिथे त्याच खात्याखाली अतिरिक्त प्रोफाइल किंवा पेज काढून उभी करावी लागते.