लवंगेचा धूर: घसा सुन्न, फुप्फुस बेसावध

दाढ दुखली की लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतात. त्यातले युजेनॉल तिथल्या नसा बधिर करते, म्हणून ठणका थांबतो. इंडोनेशियातील ‘क्रेटेक’ या लवंगी सिगारेटमध्ये हेच द्रव्य धुरावाटे घशात उतरते. जळताना लवंगेचे तुकडे तडतडतात, त्या आवाजावरून हे नाव पडले.

मऊ वाटतो, मऊ नसतो: तंबाखूचा धूर घशाला टोचतो, खोकला येतो. ही शरीराची राखण आहे. युजेनॉल तीच झोपवते. मग झुरका खोल जातो आणि धूर जास्त वेळ आत राहतो. क्रेटेकमध्ये निम्म्याहून अधिक तंबाखूच असतो, त्यामुळे निकोटीन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही मिळतात.

तंबाखूच नसेल तर? तुळस, लवंग, ज्येष्ठमध भरलेल्या ‘हर्बल’ विड्यांत निकोटीन नसते, एवढाच फरक. कोणतेही पान जळले की टार आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतातच.

खाणे वेगळे, ओढणे वेगळे: मसाल्यातली लवंग पोटात पचते, युजेनॉलवर यकृत प्रक्रिया करते. धूर मात्र थेट फुप्फुसाच्या नाजूक पडद्यावर पोहोचतो. तेव्हा ‘नैसर्गिक’ हा शब्द पदार्थ कुठून आला ते सांगतो, जाळल्यावर त्याचे काय होते ते नाही.

लक्षात ठेवा: घसा खवखवत नाही, याचा अर्थ इजा होत नाही असा नव्हे. दम लागल्यास, छातीत घरघर होत असल्यास किंवा थुंकीत रक्त दिसल्यास डॉक्टरांना दाखवा.