दोन हात आणि एक बाण

दहावीच्या वर्गात विद्युतचुंबकीय प्रवर्तनाची वर्कशीट वाटली की थोड्याच वेळात मुलांचे मनगट मुरगळायला लागते. कुणी अंगठा छताकडे करून तर्जनी फळ्यावर रोखतो, कुणी खुर्चीतून अर्धवट उठून मधले बोट शेजाऱ्याच्या दिशेने वळवतो. बहुतेकांच्या उजव्या हातात पेन असते, त्यामुळे जो हात मोकळा असतो तोच वापरला जातो, म्हणजे डावा. प्रवर्तित धारेच्या प्रश्नात हवा असतो उजवा. चुकीच्या उत्तरांपैकी बरीच त्या पेनामुळे येतात, असे माझे मत आहे.

हे दोन्ही नियम जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांच्या नावाने ओळखले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विद्युत अभियांत्रिकी शिकवत. बोटांची वाटणी दोन्ही हातांत सारखीच आहे : तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधले बोट विद्युतधारेचे आणि अंगठा गतीचा किंवा बलाचा. तारेत धारा आधीपासून आहे आणि तिच्यावर कोणत्या दिशेने बल लागेल, असे विचारले असेल तर डावा हात. तार हलवली आहे आणि धारा कोणत्या दिशेने निर्माण होईल, असे विचारले असेल तर उजवा. मोटर डावीकडे, जनित्र उजवीकडे.

आता वर्कशीटवरचा नेहमीचा प्रश्न घेऊ. दोन समांतर रूळ आडवे काढले आहेत, डाव्या टोकांना एका रोधाने जोडले आहेत आणि रुळांवर एक उभी सळई ठेवली आहे. साऱ्या चित्रभर फुल्या आहेत, म्हणजे बलरेषा कागदात आत शिरत आहेत. बाण आपल्यापासून दूर जाताना मागचे पीस दिसते ती फुली, आणि आपल्याकडे येताना टोक दिसते तो टिंब. सळई उजवीकडे ओढली जात आहे. उजव्या हाताची तर्जनी कागदात रोखा, अंगठा उजवीकडे करा. मधले बोट कागदाच्या वरच्या कडेकडे जाते. म्हणजे सळईत धारा खालून वर वाहते, वरच्या रुळाने डावीकडे जाते, रोधातून खाली येते आणि खालच्या रुळाने परत येते. पूर्ण परिपथ घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने.

हे बरोबर आहे का, ते कसे तपासायचे? उत्तराच्या पानाकडे न पाहता तपासायची एक सरळ रीत आहे. जी धारा मिळाली ती घेऊन आता डावा हात लावा. तर्जनी पुन्हा कागदात, मधले बोट वर. अंगठा डावीकडे जातो. सळईवरचे बल तिच्या गतीच्या विरुद्ध आले, आणि ते तसेच यायला हवे. १८३४ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये हाइनरिक लेन्झ यांनी जो नियम मांडला त्याचा गाभा हाच : प्रवर्तित धारा ज्या बदलामुळे निर्माण झाली त्या बदलालाच ती अडवते. आकडे घालून पाहिले तर कारणही दिसते. क्षेत्र ०.५ टेस्ला, सळईची लांबी २० सेंटिमीटर, वेग सेकंदाला २ मीटर धरला तर ०.२ व्होल्ट मिळतात. एकूण रोध अर्धा ओहम असेल तर धारा ०.४ अँपिअर आणि मागे ओढणारे बल ०.०४ न्यूटन. त्या बलाविरुद्ध सळई ओढायला सेकंदाला ०.०८ ज्यूल खर्च होतात, आणि रोधात उष्णता होऊन नेमके तेवढेच बाहेर पडतात. पहिल्या पायरीला चुकून डावा हात लावला असता तर धारा खाली आली असती, बल उजवीकडे आले असते आणि सळई स्वतःच वेग वाढवत धावत सुटली असती, तेही फुकटात.

पण ही तपासणी सगळे पकडत नाही, आणि शिकवताना हे सांगायचे राहून जाते. एखाद्याने दोन्ही हातांची अदलाबदल केली, म्हणजे धारेसाठी डावा आणि बलासाठी उजवा हात वापरला, तर धारा चुकीची येते, तरी बल विरुद्धच येते. एक चूक दुसरीला झाकते. म्हणून दुसरी वाट हवी. सळई उजवीकडे सरकली की परिपथाचे क्षेत्रफळ वाढते, त्यातून आत जाणाऱ्या रेषा वाढतात; तेव्हा प्रवर्तित धारेने परिपथाच्या आत बाहेर येणाऱ्या रेषा निर्माण करायला हव्यात. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नियमाने त्यासाठी धारा घड्याळाच्या उलटच हवी. अदलाबदल इथे उघडी पडते.

आणि ज्याने फुल्यांऐवजी टिंबे समजून सोडवले, म्हणजे क्षेत्राची दिशाच उलट घेतली, तो दोन्ही तपासण्यांत पास होतो. क्षेत्र उलटले की धारा उलटते, पण बल धारा आणि क्षेत्र दोन्हींवर ठरते, त्यामुळे ते गतीच्या विरुद्धच राहते. लेन्झचा नियमही त्याच चुकलेल्या बाणावर उभा असतो. बाण चुकला तर हाताने काही कळत नाही; तो आधीच चित्रावर तपासावा लागतो. बलरेषा चुंबकाबाहेर उत्तर ध्रुवाकडून निघते आणि दक्षिण ध्रुवात शिरते, आत ती दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊन वर्तुळ पुरे करते, आणि दोन रेषा कुठेही एकमेकींना छेदत नाहीत. मी वर्कशीट तपासताना पेन्सिलने आधी याच रेषांवर बोट फिरवतो, उत्तराकडे नंतर वळतो.

हाताने काढलेल्या रेषांचा खरा कस लागतो तो तांब्याच्या कड्याच्या प्रश्नात. कडे आडवे धरले आहे आणि वरून चुंबकाचा उत्तर ध्रुव खाली येत आहे. बऱ्याच वहीत उत्तर ध्रुवातून सरळ खाली जाणाऱ्या समांतर रेषा असतात. त्या चित्रावर उजवा हात लावून पाहा : तर्जनी खाली, आणि चुंबक खाली येत असल्यामुळे चुंबकाच्या तुलनेत कडे वर सरकते, म्हणून अंगठा वर. दोन्ही बोटे एकाच रेषेत आली की मधल्या बोटाला दिशाच मिळत नाही. गती रेषांना समांतर असेल तर धारा शून्य. प्रयोगात मात्र गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो.

चूक रेषांची आहे. उत्तर ध्रुवातून निघालेल्या रेषा बाहेरच्या बाजूला पसरत जातात, म्हणून कड्याच्या तारेपाशी त्या तिरक्या असतात, आणि धारा देणारा भाग तो आडवा, बाहेर जाणारा. कड्याच्या उजव्या कडेला तर्जनी उजवीकडे, अंगठा वर धरा. मधले बोट आपल्यापासून दूर जाते. वरून पाहिले तर कड्यातली धारा घड्याळाच्या उलट येते. अशा धारेने कड्याचा वरचा चेहरा उत्तर ध्रुव बनतो आणि खाली येणाऱ्या उत्तर ध्रुवाला ढकलतो. लेन्झ पुन्हा जुळला.

पुढची गंमत याच पसरट रेषांतून समजते. चुंबक कड्यातून खाली सोडला की त्याचा मध्य कड्याच्या पातळीत येतो तेव्हा बाहेरच्या रेषा तारेपाशी उभ्या असतात, आडवा भाग उरत नाही, म्हणून त्या क्षणी धारा शून्य. मग दक्षिण ध्रुव जवळ येतो, रेषा आत वळू लागतात आणि उजव्या कडेला तर्जनी डावीकडे फिरते. अंगठा तसाच वर. आता मधले बोट आपल्याकडे येते, धारा घड्याळाच्या दिशेने, आणि काटा शून्यावरून दुसऱ्या बाजूला झुकतो.