दोन थेंबांमधली पाच मिनिटं

काचबिंदूच्या अनेक रुग्णांना रात्री दोन वेगवेगळे थेंब घालायचे असतात, उदाहरणार्थ टिमोलोल आणि लॅटानोप्रोस्ट. झोपायची घाई असली की दोन्ही लागोपाठ घातले जातात आणि तिथेच औषध वाया जातं. डोळ्यात जेमतेम एका थेंबाएवढी जागा असते. दुसरा थेंब लगेच पडला, तर तो पहिल्याला धुऊन गालावर आणतो.

म्हणून नऊ वाजता आधी हात साबणाने धुवा. मान मागे टाका, खालची पापणी बोटाने ओढून खोबण करा आणि वर बघत टिमोलोलचा एकच थेंब त्यात सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू देऊ नका. औषधात जंतू शिरतात. मग डोळा अलगद मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते. घशात कडवट चव आली, तर औषध त्या वाटेने गेलं असं समजा. टिमोलोल असं रक्तात उतरलं, तर दम लागू शकतो किंवा नाडी मंदावू शकते. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

घड्याळ बघून किमान पाच मिनिटं थांबा, मगच लॅटानोप्रोस्ट घाला. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. थेंब बाहेर पडल्याची खात्री असेल, तरच पुन्हा एक घाला.