स्प्रिंट अर्ध्यावर अडली, निर्णय कोणाचा?

दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचा सहावा दिवस. ग्राहकाला विम्याचा हप्ता यूपीआयने भरता यावा, हे टीमचं स्प्रिंट गोल. डेव्हलपर्सच्या लक्षात येतं, की बँकेशी जोडणीचं काम अंदाजाच्या दुप्पट आहे आणि निवडलेली सगळी कामं वेळेत संपणार नाहीत. मग स्क्रम मास्टरने स्प्रिंट तीन दिवस लांबवावी? प्रॉडक्ट ओनरने परस्पर दोन कामं काढून टाकावीत? डेव्हलपर्सनी टेस्टिंग आटोपतं घ्यावं? की प्रॉडक्ट ओनरशी बोलून कामाची व्याप्ती नव्याने ठरवावी?

स्क्रमच्या प्रमाणपत्र परीक्षांत असे प्रश्न हमखास येतात. पीएसएम १ या परीक्षेत 60 मिनिटांत 80 प्रश्न सोडवायचे असतात आणि उत्तीर्ण व्हायला 85 टक्के लागतात. इथे अनेकांना नोकरीतली सवयच नडते. ऑफिसात वेळापत्रक मॅनेजर बदलतो, म्हणून हात आपोआप पहिल्या पर्यायाकडे जातो. पण स्क्रम मास्टर मॅनेजर नाही. तो टीमला स्क्रम नीट वापरायला मदत करतो, कामं वाटत नाही. शिवाय ठरलेली मुदत आली की स्प्रिंट संपते. काम उरलं म्हणून ती लांबत नाही.

दुसरा पर्याय जास्त फसवा आहे. प्रॉडक्ट बॅकलॉगचा क्रम प्रॉडक्ट ओनरच ठरवतो, हे खरंच. पण चालू स्प्रिंटचा बॅकलॉग डेव्हलपर्सचा असतो. त्यातलं काम त्यांना न विचारता काढता येत नाही. तिसऱ्या पर्यायात ‘डेफिनिशन ऑफ डन’ मोडते. टेस्टिंग त्यात असेल, तर टेस्टिंगशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणताच येत नाही.

उरला चौथा, आणि तोच बरोबर. अडचण बहुधा पंधरा मिनिटांच्या डेली स्क्रममध्ये डेव्हलपर्सच्याच बोलण्यातून पुढे येते. मग स्प्रिंट रिव्ह्यूची वाट न पाहता ते त्याच दिवशी प्रॉडक्ट ओनरला गाठतात. पावतीची सजावट आणि जुन्या हप्त्यांची यादी मागे ठेवायची, हप्ता भरण्याची सोय मात्र पुरी करायची, असं दोघं मिळून ठरवतात. कामं कमी झाली तरी गोल शाबूत राहतं.

प्रश्नातलं एकच वाक्य बदललं, तर उत्तरही बदलतं. समजा, कंपनीने यूपीआयची योजनाच गुंडाळली. आता गोललाच अर्थ उरला नाही. अशा वेळी स्प्रिंट रद्द करता येते, पण तो अधिकार एकट्या प्रॉडक्ट ओनरचा. संचालक आग्रह धरतील, डेव्हलपर्स सल्ला देतील, स्क्रम मास्टर परिणाम समजावून सांगेल. रद्द करणारा मात्र तोच.

म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी प्रश्न पुन्हा वाचा: गोल अजून कामाचं आहे, की गेलं? केन श्वाबर आणि जेफ सदरलंड यांची 2020 ची ‘स्क्रम गाइड’ जेमतेम तेरा-चौदा पानांची आहे. सराव प्रश्नसंचाआधी ती वाचून काढा.