निविदा भरण्याआधीचं पत्र

समजा, जिल्हा परिषदेने पंपखरेदीची निविदा काढली आहे. तांत्रिक तपशिलात लिहिलंय : सबमर्सिबल पंप, 10 एचपी, हेड 120 मीटर, विसर्ग मिनिटाला 600 लिटर. जाणकार पुरवठादार इथेच थांबतो. एवढं पाणी एवढ्या उंचीवर चढवायला, कुठलीही घट न धरता, जवळपास 16 एचपी लागतात. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर मोटर 30 एचपीच्या आसपास जाते. म्हणजे असा पंप बाजारात मिळणारच नाही. आकडा चुकलाय हे नक्की. पण कोणता, हे कार्यालयच सांगू शकतं.

अशा वेळी बरेच जण ओळखीच्या अभियंत्याला फोन करतात. ‘दहा एचपीच धरा’ असं उत्तर मिळतं, पण निविदा उघडताना त्या बोलण्याला काही आधार नसतो. काही जण दरासोबत स्वतःची टीप जोडतात. ती निविदा सशर्त ठरून बाद होऊ शकते. म्हणून लेखी विचारावं, आणि मुदत पाहून विचारावं. शंका पाठवण्याची शेवटची तारीख बहुधा निविदापूर्व बैठकीच्या आधीची असते. निविदा भरण्याची मुदत शिल्लक आहे म्हणून शंकेची मुदतही शिल्लक असेलच असं नाही.

पत्र लहान असावं. निविदा क्रमांक, पान, बाब क्रमांक आणि मूळ वाक्य जसंच्या तसं. मग : ‘120 मीटर हेडला 10 एचपीचा पंप मिनिटाला साधारण 200 लिटर पाणी देतो. तरी विसर्ग 200 लिटर धरावा, की मोटरची क्षमता वाढवावी, हे शुद्धिपत्रकाद्वारे कळवावे.’ एवढंच. अधिकाऱ्याला दोनांपैकी एक निवडता येईल असा प्रश्न असला की फाइल पुढे सरकते. ‘तपशील स्पष्ट करावा’ एवढंच लिहिलं, तर ‘निविदेतील अटींप्रमाणे’ हे उत्तर ठरलेलं. आपल्या कंपनीचं मॉडेल मात्र पत्रात सुचवू नये; मग शंका ही शंका राहत नाही, मालाची शिफारस होते.

उत्तर एकट्याला नको, सगळ्यांना हवं. केंद्राच्या 2017च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही निविदेच्या अटींवर प्रश्न विचारण्याची सोय ठेवण्यास सांगितलं आहे. राज्यातल्या ई-निविदेत बदल शुद्धिपत्रक म्हणून mahatenders.gov.in वर त्याच निविदेखाली दिसतो. तो आला की दरपत्रकाची फाइलही बदलली आहे का ते पाहावं आणि बदलली असेल तर नवीच भरावी. निविदा आधीच सादर केली असेल, तर मुदतीच्या आत सुधारून पुन्हा सादर करावी लागते.

शुद्धिपत्रक आलंच नाही, तर स्मरणपत्र पाठवून त्याची पोच जपून ठेवावी. तरीही उत्तर नसेल, तर न मिळणाऱ्या पंपाचा दर भरण्यापेक्षा ती निविदा सोडलेली बरी. दर मंजूर झाला आणि माल देता आला नाही, तर अनामत रक्कम जाते आणि काळ्या यादीची टांगती तलवार राहते.