एकत्रित ताळेबंदातला इतरांचा वाटा

एखाद्या कंपनीच्या हातात दुसऱ्या कंपनीचे निम्म्याहून अधिक मताधिकार आले, की दुसरी कंपनी पहिलीची उपकंपनी होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२९(३) नुसार अशा मुख्य कंपनीला स्वतःच्या हिशेबांसोबत उपकंपन्यांसह एकत्रित हिशेबही भागधारकांपुढे ठेवावे लागतात. उपकंपनीचे शंभर टक्के शेअर मुख्य कंपनीकडे असले तर प्रश्न नसतो. पण पुष्कळदा ७५ टक्के मुख्य कंपनीकडे आणि २५ टक्के बाहेरच्या भागधारकांकडे असतात. या बाहेरच्यांचा उपकंपनीच्या मालमत्तेत आणि नफ्यात जो वाटा असतो, तो एकत्रित हिशेबात वेगळा दाखवावा लागतो. जुन्या भारतीय मानकात, म्हणजे एएस २१ मध्ये, त्याला ‘मायनॉरिटी इंटरेस्ट’ म्हणतात. १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या इंड-एएस मानकांत तो ‘नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट’ म्हणून येतो. मराठीत त्याला अल्पसंख्य भागधारकांचा वाटा म्हणता येईल.

मालकी ७५ टक्के असेल तर एकत्रित ताळेबंदात उपकंपनीची ७५ टक्केच मालमत्ता का घेत नाहीत, ही पहिली शंका कुणालाही येते. याचे उत्तर मालकीत नाही, नियंत्रणात आहे. कारखाना कोणत्या मालाचा काढायचा, कर्ज किती घ्यायचे, संचालक कोण नेमायचे, हे मुख्य कंपनी संपूर्ण उपकंपनीसाठी ठरवते. यंत्राचा पाऊण भाग तिच्या हुकमतीत आणि पाव भाग बाहेर, असे होत नाही. म्हणून उपकंपनीची विक्री, खर्च, मालमत्ता आणि देणी सगळी शंभर टक्के धरतात आणि त्यातले इतरांचे किती ते एका स्वतंत्र ओळीत सांगतात. ही ओळ वगळली तर मुख्य कंपनीच्या भागधारकांना जे त्यांचे नाही तेही आपलेच वाटेल.

ही ओळ किती मोठी असू शकते ते पुण्याच्या बजाज फिनसर्व्हच्या आकड्यांवरून कळते. बजाज फायनान्स ही तिची उपकंपनी, आणि तिच्यातली मालकी ५१-५२ टक्क्यांच्या आसपास. २०२३-२४ या वर्षात बजाज फायनान्सचा एकत्रित नफा सुमारे १४,४५१ कोटी रुपये होता. त्याच वर्षी बजाज फिनसर्व्हच्या भागधारकांच्या वाट्याला आलेला एकत्रित नफा मात्र सुमारे ८,१४८ कोटी, तोही विमा कंपन्यांतला वाटा धरून. उपकंपनीचा नफा मुख्य कंपनीपेक्षा इतका मोठा कसा, असा प्रश्न पडतो. उलगडा सरळ आहे. बजाज फायनान्सच्या नफ्यातले सुमारे सात हजार कोटी तिच्या इतर भागधारकांचे होते. त्या काळात दोन्ही विमा कंपन्यांतही २६ टक्के वाटा जर्मनीच्या अलियान्झचा होता.

आता हा वाटा मोजतात कसा ते एका काल्पनिक उदाहरणात पाहू. करांचा विचार बाजूला ठेवू, म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर राहील. एका उपकंपनीचे भागभांडवल ६० कोटी आणि राखीव निधी ४० कोटी, म्हणजे पुस्तकी निव्वळ मालमत्ता १०० कोटी आहे. तिची जमीन मात्र जुन्या भावाने लिहिलेली आहे. आजच्या रास्त किमतीने ती २० कोटींनी जास्त भरते. मुख्य कंपनी हिचे ७५ टक्के शेअर १०५ कोटींना विकत घेते.

ताबा मिळाला त्या दिवशी निव्वळ मालमत्ता रास्त किमतीने १२० कोटी धरायची. त्यातला २५ टक्के वाटा, म्हणजे ३० कोटी, बाहेरच्या भागधारकांचा. मुख्य कंपनीने दिलेले १०५ आणि इतरांचे ३० मिळून १३५ होतात. मालमत्ता १२० चीच आहे, म्हणून उरलेले १५ कोटी ख्याती म्हणून लिहायचे. इंड-एएस १०३ दुसरा मार्गही खुला ठेवते. बाहेरच्यांच्या शेअरची रास्त किंमत, समजा ३३ कोटी, थेट धरली तर ख्याती १८ कोटी होते. पहिल्या पद्धतीत फक्त मुख्य कंपनीच्या वाट्याची ख्याती दिसते, दुसरीत सगळ्यांची. प्रत्येक खरेदीसाठी यांपैकी एक पद्धत निवडता येते, त्यामुळे दोन उद्योगसमूहांची तुलना करताना कोणी काय निवडले ते टिपांत बघावेच. पुढचा हिशेब पहिल्या पद्धतीने केला आहे.

इथेच नवशिक्यांचा पाय घसरतो. बाहेरच्यांचा वाटा कधी फक्त ६० कोटींच्या भांडवलावर काढला जातो आणि राखीव निधी विसरला जातो. वास्तविक मुख्य कंपनीने शेअर घेण्याआधी साठलेल्या निधीतही बाहेरच्यांचा वाटा होताच आणि तो तसाच राहतो. मुख्य कंपनीचे मात्र वेगळे आहे. त्या जुन्या निधीसाठी तिने १०५ कोटींत किंमत मोजलेली असते. त्यामुळे तो तिच्या एकत्रित नफ्यात किंवा निधीत पुन्हा धरत नाहीत. तिच्या बाजूने फक्त ताब्यानंतरची कमाई मोजली जाते.

पहिल्या वर्षी उपकंपनीने १६ कोटी नफा कमावला. तिने मुख्य कंपनीला काही माल विकला होता, त्यातला थोडा वर्षअखेरीस गोदामातच पडून आहे आणि त्या शिलकी मालात उपकंपनीचा ४ कोटींचा नफा दडलेला आहे. समूहाच्या दृष्टीने हा माल अजून बाहेर विकलाच गेलेला नाही, म्हणून ते ४ कोटी काढून टाकायचे. उरलेल्या १२ कोटींचे २५ टक्के, म्हणजे ३ कोटी, बाहेरच्यांच्या वाट्याला जातात. नफा विकणाऱ्या उपकंपनीच्या पुस्तकात होता, म्हणून त्याची कपात बाहेरच्यांनाही सोसावी लागते, अशी रूढ पद्धत आहे. उलट मुख्य कंपनीने उपकंपनीला माल विकला असता, तर तो न झालेला नफा मुख्य कंपनीचाच असता आणि बाहेरच्यांच्या वाट्याला धक्का लागला नसता. विक्रेता कोण, हे आधी पाहणे म्हणूनच गरजेचे.

त्याच वर्षी उपकंपनीने ८ कोटी लाभांश दिला. ६ कोटी मुख्य कंपनीकडे गेले. समूहाच्या एका खिशातून दुसऱ्यात पैसे गेल्याने ते उत्पन्न एकत्रित हिशेबात दिसत नाही. २ कोटी बाहेरच्या भागधारकांच्या हाती पडले, आणि तेवढाच त्यांचा ताळेबंदातला वाटा कमी झाला. वर्षअखेरीचा वाटा मग ३० अधिक ३ वजा २, म्हणजे ३१ कोटी. पडताळाही घेता येतो. सुरुवातीची १२० कोटींची मालमत्ता, त्यात १६ चा नफा, त्यातून ८ चा लाभांश आणि ४ चा न झालेला नफा वजा केला, की १२४ कोटी उरतात. त्याचे २५ टक्के बरोबर ३१ होतात. दोन वाटांनी एकच आकडा आला नाही, तर बहुधा लाभांश दोनदा वजा झालेला असतो किंवा शिलकी मालातला नफा विसरलेला असतो. हा पडताळा पाच मिनिटांचा आहे आणि तो टाळू नये.

नफा-तोट्याच्या पत्रकात आधी समूहाचा पूर्ण नफा येतो. नंतर त्याची विभागणी होते: मुख्य कंपनीच्या मालकांचा इतका, इतरांचा इतका. इतरांचा वाटा हा खर्च नव्हे, नफ्याचे वाटप आहे. प्रति शेअर मिळकत फक्त मालकांच्या नफ्यावरून काढतात.

ताळेबंदातल्या जागेबद्दल मानकांत मतभेद होता. एएस २१ नुसार हा वाटा देणी आणि मुख्य कंपनीचे भागभांडवल या दोहोंपासून वेगळा दाखवायचा. इंड-एएस ११० ने तो एकूण भांडवलात आणला, मात्र मालकांच्या भांडवलापासून वेगळा. हे अधिक पटणारे आहे. या भागधारकांना ठरलेल्या तारखेला पैसे परत करायचे नसतात, त्यामुळे त्यांना देणेकरी मानणे चूक ठरले असते. आणि मुख्य कंपनीच्या मालमत्तेवर त्यांचा काहीच हक्क नसतो, त्यांचा हक्क फक्त त्या एका उपकंपनीत असतो.

या बदलाचा खरा परिणाम तोट्यात दिसतो. वरच्या उपकंपनीला पुढे १६० कोटींचा तोटा झाला असे धरू. बाहेरच्यांचा वाटा ४० कोटी होतो, शिल्लक मात्र ३१ च आहे. जुन्या मानकात ३१ कोटींपर्यंतच तोटा त्यांच्याकडे जाई आणि उरलेले ९ कोटी मुख्य कंपनीच्या माथी येत, बाहेरच्यांवर तो भरून देण्याचे बंधन असेल तरच अपवाद. इंड-एएसमध्ये पूर्ण ४० कोटी त्यांच्या नावे जातात आणि त्यांची शिल्लक उणे ९ कोटी दिसते. अशी उणे शिल्लक दिसली, की उपकंपनीचे भांडवल खाऊन झाले आहे असे समजावे.

मालकीचा टक्का बदलला तर काय, हेही बघायला हवे. तोटा झालाच नाही असे धरून, मुख्य कंपनीने आणखी १० टक्के शेअर १५ कोटींना घेतले असे समजू. ३१ कोटींच्या वाट्यात त्या १० टक्क्यांचे १२.४ कोटी होते. जादा दिलेले २.६ कोटी नवी ख्याती होत नाहीत, ते मुख्य कंपनीच्या स्वतःच्या भांडवलातून थेट वजा होतात. ताबा आधीच होता, त्यामुळे हा मालकांमधला व्यवहार मानला जातो. ताबा टिकवून काही शेअर विकले तरी नियम तोच, नफा-तोट्यात काही जात नाही. ताबा सुटला की मात्र उपकंपनी हिशेबातून बाहेर पडते आणि होणारा नफा-तोटा पत्रकात येतो.

गुंतवणूकदाराने एक मर्यादा ध्यानात ठेवावी. एकत्रित ताळेबंदातली रोकड शंभर टक्के दिसते, पण उपकंपनीतली रोकड लाभांशाने वर आणायची तर प्रत्येक चार रुपयांमागे एक रुपया बाहेरच्यांना द्यावा लागतो, आणि कर्जाच्या अटी लाभांश रोखू शकतात. शिवाय समूहात दहा उपकंपन्या असल्या तरी ताळेबंदात या वाट्याची ओळ एकच असते. कोणत्या उपकंपनीत बाहेरच्यांचा किती वाटा, तिची मालमत्ता, देणी आणि रोख प्रवाह किती, हे इंड-एएस ११२ नुसार महत्त्वाच्या उपकंपन्यांसाठी टिपांमध्ये द्यावे लागते, आणि मुख्य कंपनीच्या कर्जफेडीचा अंदाज बांधायचा असेल तर आकडे तिथूनच घ्यावे लागतात.