एकाच निवाड्याची तीन रूपे

मुलीच्या सहदायादहक्कावरील एखाद्या लेखी कायदेविषयक अभिप्रायात पहिल्या पानावर ‘प्रकाश विरुद्ध फुलावती, २०१५’, चौथ्यावर ‘(२०१६) २ एससीसी ३६’ आणि सातव्यावर ‘एआयआर २०१६ एससी ७६९’ असे संदर्भ आढळतात, असे समजा. वाचकाला हे तीन निवाडे वाटतील. प्रत्यक्षात निवाडा एकच आहे. बेळगावच्या दिवाणी न्यायालयात १९९२ मध्ये दाखल झालेल्या वाटपाच्या दाव्यातून तो उद्भवला.

घोळाचे मूळ वर्षात आहे. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल १६ ऑक्टोबर २०१५ रोजी दिला. निर्णयसंग्रहांत तो २०१६ च्या खंडांत छापला गेला. ‘एससीसी’मध्ये कंसातील वर्ष हे निकालाचे नसून खंडाचे असते. तेथे खंडांचे क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू होतात, म्हणून वर्ष गाळल्यास ‘२ एससीसी ३६’ यावरून काहीच सापडत नाही. ‘एआयआर’मध्ये वर्ष कंसाविना येते आणि पृष्ठापूर्वी न्यायालयाचा संक्षेप असतो.

तपासणीसाठी प्रथम एक तक्ता करावा. अभिप्रायातील प्रत्येक उल्लेख जसाच्या तसा उतरवून त्यासमोर पान लिहावे. केवळ ‘फुलावती निवाडा’ असे त्रोटक उल्लेखही सुटू नयेत, म्हणून दोन्ही पक्षकारांची नावे स्वतंत्रपणे शोधावीत. मग प्रत्येक उल्लेख मूळ निर्णयसंग्रहाच्या पानाशी ताडून, निकालाची तारीख जुळणारे उल्लेख एका ओळीत आणावेत. शेवटी एकच रूप ठरवावे: पक्षकारांची नावे, ‘(२०१६) २ एससीसी ३६’, आणि त्यानंतर परिच्छेद क्रमांक. निकालाचे वर्ष सांगणे आवश्यक असेल तेथे ते वाक्यातच लिहावे, संदर्भात मिसळू नये. संग्रह बदलला तर परिच्छेद क्रमांकही पुन्हा पाहावा, कारण दोन संग्रहांतील क्रमांक जुळतीलच असे नाही.

या जुळवणीचा परिणाम निष्कर्षापर्यंत पोहोचतो. ९ सप्टेंबर २००५ रोजी पिता हयात असला तरच मुलीला सुधारित कायद्याचा लाभ मिळेल, असे या निवाड्याने म्हटले होते. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, (२०२०) ९ एससीसी १, या तीन न्यायमूर्तींच्या निकालाने ते मत अमान्य केले. हक्क जन्मसिद्ध असल्याने पिता त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असे ठरले. ‘अमान्य’ ही नोंद चौथ्या पानावर झाली आणि सातव्या पानावरील ‘एआयआर’ संदर्भ तसाच राहिला, तर अभिप्राय एका हाताने नाकारलेला आधार दुसऱ्या हाताने स्वीकारतो, आणि वडील २००५ पूर्वी वारलेल्या मुलीला हिस्सा नसल्याचा चुकीचा सल्ला मिळतो.

निवाडा आज ग्राह्य आहे की नाही, हे संदर्भाच्या रूपावरून कळत नाही. त्यासाठी नंतरचे निकाल पाहावेच लागतात. परंतु सर्व उल्लेख एका ओळीत आले, की ती नोंद एकदाच करून सर्वत्र लागू करता येते.